दहापैकी किती देणार, भाऊ?

भूषणभाऊ, नमस्कार.

वहिनींना विचारून मग मेसेज टाकतेय. त्या म्हणाल्या, रविवारी तुम्ही निवांत असता. माझा बायोडाटा जरा बघाल का? मागच्या वेळी फाइल तुमच्या फोनवर उघडली नव्हती, म्हणून सगळा इथेच मराठीत उतरवून काढलाय. मूळ इंग्रजीत आहे, एक पानी. नाव, पत्ता, फोन वर आहेतच, ते पुन्हा लिहीत नाही.

ध्येय: नामांकित संस्थेत काम करून माझ्या ज्ञानाचा संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीसाठी उपयोग करणे.

शिक्षण: बी.कॉम., 2022, प्रथम श्रेणी, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव. बारावी 2019, 64 टक्के. दहावी 2017, 81.20 टक्के.

इतर: एमएस-सीआयटी. टायपिंग मराठी 30, इंग्रजी 40. टॅली.

अनुभव: 1) जिनिंग फॅक्टरी, ऑफिस असिस्टंट, दोन सीझन (नोव्हेंबर 2022 ते एप्रिल 2023, ऑक्टोबर 2023 ते एप्रिल 2024). ऑफिसचे सर्व काम. 2) कर सल्लागारांचे ऑफिस, अमळनेर, जून 2024 पासून. जीएसटीचे काम.

भाषा: मराठी, हिंदी, इंग्रजी. (अहिराणी लिहिली होती, मैत्रिणीने खोडायला लावली. म्हणे, हसतील.)

गुण: मेहनती, प्रामाणिक, वेळेची पक्की.

छंद: वाचन, प्रवास. (प्रवास म्हणजे पारोळा ते अमळनेर एसटी, पण काहीतरी लिहावं लागतं ना.)

वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. सही.

बस, एवढंच. आता दहापैकी किती मार्क, ते सांगा.

आधी दोघांना दाखवला होता. कॉलेजच्या सरांनी आठ दिले. ते खूश होते, पण त्यांनी पेपरातही सगळ्यांना भरभरूनच दिलेत. आतेभाऊ पुण्याला कंपनीत आहे, त्याने चार दिले आणि पुढे काही बोललाच नाही. आठ आणि चार! बेरीज करून निम्मे करावेत तर सहा येतात. सहावर मन मानत नाही. म्हणून तिसऱ्या माणसाचा आकडा हवाय, तुमचा. तुम्ही जो द्याल तो मी पक्का धरेन.

कुठे पाठवायचा, ते नंतर बघू. आधी मार्क समजले की मला बरं पडेल.

एक गोष्ट विचारायची होती, पण मार्क कमी होतील म्हणून बायोडाटात घातली नाही. जिनवर मी नुसती ऑफिसात बसत नव्हते. काटा पावती माझ्याकडे असायची. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, ओलावा बघून ठरलेला भाव, मग सौदापट्टी. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जीएसटी आपल्यालाच भरावा लागतो, त्या आरसीएमच्या नोंदीही मीच टॅलीत टाकायचे. दुसऱ्या सीझनला एकदा लाईट गेली आणि रात्रीपर्यंत ट्रॅक्टर उभे. सगळ्या पावत्या हाताने केल्या. दुसऱ्या दिवशी जुळवताना दिसलं की एका ट्रॅक्टरचं रिकामं वजन आदल्या दिवसापेक्षा 70 किलो जास्त. तोच ट्रॅक्टर, तीच ट्रॉली! विचारपूस केली तर भरलेली गाडी मोजताना ड्रायव्हर चहाला खाली उतरलेला आणि रिकामी मोजताना वर बसलेला. शेतकऱ्याचा 70 किलो कापूस उगाच कमी धरला गेला होता. भाव क्विंटलला 7,000 चा, म्हणजे 4,900 रुपये. शेठजींना दाखवलं, त्यांनी लगेच दिले. तो म्हातारा बाबा नंतर पिशवीभर भरताची वांगी घेऊन आला होता.

असलं काही बायोडाटात लिहितात का? सर म्हणाले, बायोडाटा म्हणजे गोष्ट नाही. म्हणून 'ऑफिसचे सर्व काम' एवढंच ठेवलं. कर सल्लागारांकडेही तसंच. दर महिन्याच्या 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 आणि 20 च्या आत 3बी, वीसेक व्यापाऱ्यांचे मी भरते, ओटीपीसाठी त्यांच्या मागे फोन करत फिरते. पण ते 'जीएसटीचे काम' मध्ये आलंच की.

फोटो लावलाय, निळ्या बॅकग्राउंडचा. फोटोचा एक मार्क धरतात का?

कमी दिलेत तरी राग नाही. फक्त साडेसहा, पावणेसात असं नको, पूर्ण आकडा द्या. आई रोज विचारते, "कितला भेटनात वं?" तिला साडे-पावणे सांगत बसणं जमत नाही.

आमच्याकडे लाईट रात्री आठला येते, त्याआधी मोबाईल बंद पडला तर फोन लागणार नाही. आकडा मेसेजमध्येच टाकून ठेवा.

तुमची,
मनीषा