लोकसंख्या मनोरा आणि बदलती वयोरचना: गृहपाठाची प्रश्नपत्रिका

एम.ए. भूगोल, सत्र तिसरे. विषय: लोकसंख्याशास्त्र. एकूण गुण 40. उत्तरे शनिवार, 15 नोव्हेंबरपर्यंत हस्तलिखित स्वरूपात द्यावीत.

सूचना: सर्व प्रश्न अनिवार्य आहेत. गणिते करताना पायऱ्या दाखवाव्यात. मनोऱ्यातून जे थेट दिसते आणि जे आपण गृहीत धरतो, त्यांतील फरक उत्तरात स्पष्टपणे यावा. निम्मे गुण त्यालाच आहेत, असे समजायला हरकत नाही. आज पाच वर्षांची असलेली मुले जन्मलेलीच आहेत, त्यामुळे त्यांच्याविषयी बऱ्याच खात्रीने बोलता येते. पुढच्या वर्षी किती मुले जन्मतील आणि त्यांतली किती तालुक्यात राहतील, याविषयी मात्र तेवढ्याच खात्रीने लिहू नये.

पहिल्या तीन प्रश्नांसाठी पुढील तक्ता वापरावा. तालुका कोकणातला असल्याची कल्पना केली आहे आणि आकडे केवळ सरावासाठी रचलेले आहेत.

| वयोगट | पुरुष | स्त्रिया |
|---|---|---|
| 0–4 | 2,600 | 2,500 |
| 5–9 | 3,100 | 2,900 |
| 10–14 | 3,700 | 3,500 |
| 15–19 | 3,600 | 3,400 |
| 20–24 | 2,400 | 3,000 |
| 25–39 | 6,000 | 9,000 |
| 40–59 | 8,800 | 10,000 |
| 60 व अधिक | 6,000 | 7,500 |

प्रश्न 1. (5 गुण) वरील तक्त्यावरून आलेख-कागदावर मनोरा काढा. सर्व वयोगट पाच वर्षांचे नाहीत, ही बाब आधी लक्षात घ्या. 25–39 चा आकडा जसाच्या तसा पट्टी म्हणून काढल्यास मनोऱ्याच्या मध्यावर नसलेला फुगवटा दिसेल. तो टाळण्यासाठी काय केले आणि शेवटच्या खुल्या वयोगटाबाबत कोणता निर्णय घेतला, हे दोन-तीन वाक्यांत लिहा. मनोरा विस्तारणारा, स्थिरावलेला की संकोचणारा, हेही कारणासह सांगा.

प्रश्न 2. (10 गुण) तालुक्यात पहिली ते पाचवीच्या 120 शाळा आहेत असे माना. 5–9 वयोगटातील सर्व मुले त्यांतच शिकतात, असेही ढोबळमानाने गृहीत धरा.

(अ) आजचा सरासरी पट किती? आजची 0–4 वयोगटातील मुले पाच वर्षांनी शाळेत असतील तेव्हा तो किती होईल? या अंदाजात बालमृत्यू आणि स्थलांतर यांपैकी कोणत्या घटकाने जास्त चूक होऊ शकते, आणि का?

(आ) बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक असणे आवश्यक आहे, तर 61 ते 90 विद्यार्थ्यांसाठी तीन. सर्व शाळांचा पट सरासरीइतकाच असेल तर मुलांची संख्या जेवढ्या टक्क्यांनी घटते, तेवढ्याच टक्क्यांनी शिक्षकांची गरज घटते का? आकड्यांनिशी दाखवा.

(इ) प्रत्यक्षात सरासरीइतका पट फारच थोड्या शाळांचा असतो. बाजारपेठेच्या गावातील शाळेचा पट 140 आणि घाट उतरून जावे लागणाऱ्या वाडीतील शाळेचा पट 9, असे चित्र असेल तर संच मान्यतेच्या वेळी कोठे शिक्षक अतिरिक्त ठरतील आणि कोठे कमी पडतील? वाडीतील शाळा बंद करून मुलांना समूह शाळेत न्यावे, या प्रस्तावावर गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावयाची सुमारे 200 शब्दांची टिप्पणी लिहा. पावसाळ्यात वहाळाला पाणी आल्यावर सहा वर्षांचे मूल शाळेत कसे पोहोचेल, याचा विचार टिप्पणीत दिसला पाहिजे. केवळ खर्चाचा हिशेब मांडणारी किंवा केवळ भावनेला हात घालणारी टिप्पणी अपुरी मानली जाईल.

प्रश्न 3. (8 गुण) 2011 च्या जनगणनेनुसार भारतात 0–14 वयोगटाचे प्रमाण 30.8 टक्के, 15–59 चे 60.3 टक्के आणि 60 व त्यावरील वयाच्या व्यक्तींचे 8.6 टक्के होते. उरलेल्यांचे वय नोंदलेले नव्हते. या टक्केवारीवरून देशाचे आणि तक्त्यावरून तालुक्याचे अवलंबित्व गुणोत्तर काढा. दोन्ही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतील. आता बाल अवलंबित्व आणि वृद्ध अवलंबित्व वेगवेगळे काढा, आणि एकाच एकत्रित आकड्यावर विसंबून जिल्हा नियोजन समितीने निधी वाटला तर नेमके काय चुकेल, ते लिहा. मुलासाठी लागणारी अंगणवाडी आणि वृद्धासाठी लागणारे प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषध हे दोन्ही “अवलंबित्व” असले, तरी त्यांसाठी लागणारे मनुष्यबळ एक नाही.

प्रश्न 4. (8 गुण) 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, मात्र रत्नागिरी जिल्ह्याची 16,96,777 वरून 16,15,069 वर आणि सिंधुदुर्गाची 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया होत्या. राज्यात हे प्रमाण 929 होते.

रत्नागिरीतील हे प्रमाण स्त्रियांच्या अनुकूल स्थितीचे लक्षण मानावे की पुरुषांच्या अनुपस्थितीचे? उत्तर ठरवण्यासाठी एकूण लिंग गुणोत्तराखेरीज आणखी कोणते आकडे पाहाल? मनोऱ्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या वयात खाच दिसेल, आणि मुंबई-ठाण्याच्या मनोऱ्यात तिच्याशी जुळणारा फुगवटा कोठे शोधाल? वरील सरावाच्या तक्त्यात 15–19 आणि 20–24 वयोगटांतील पुरुषांच्या संख्येत 1,200 चा फरक आहे. हे सर्व 1,200 जण चाकरमानी झाले, असे म्हणता येईल का? दोन वयोगट म्हणजे एकाच पिढीची दोन वर्षे नव्हेत, हे ध्यानात ठेवून लिहा.

शेवटी रोजगाराकडे वळा. 15–19 वयोगटावरून दरवर्षी सरासरी किती तरुण कामाच्या वयात येतात आणि 40–59 वयोगटावरून दरवर्षी सरासरी किती जण ते वय ओलांडतात, याचा अंदाज बांधा. त्यातील फरक म्हणजे तालुक्यात निर्माण करावयाच्या नोकऱ्या, हे विधान तपासा. काजू कारखान्यात रोजंदारीवर जाणारी, पण “काम काय?” असे विचारल्यावर “घरीच असते” असे सांगणारी स्त्री तुमच्या हिशेबात कोठे बसते?

प्रश्न 5. (4 गुण) राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर 2015-16 मध्ये 1.9 आणि 2019-21 मध्ये 1.7 होता, म्हणजे दोन्ही वेळा 2.1 या प्रतिस्थापन पातळीच्या खाली. तरीही राज्याची लोकसंख्या लगेच घटू लागत नाही. स्थलांतर बाजूला ठेवून, केवळ वयोरचनेच्या आधारे कारण सांगा.

प्रश्न 6. (5 गुण) जपानमध्ये 1965 साली सुमारे 18.2 लाख, 1966 साली सुमारे 13.6 लाख आणि 1967 साली सुमारे 19.4 लाख मुले जन्मली. “अग्नि-अश्व” वर्षात जन्मलेल्या मुलींविषयीच्या अंधश्रद्धेमुळे 1966 मध्ये अनेक जोडप्यांनी मूल होणे टाळले. ही खाच सहाव्या वर्षी प्राथमिक शाळेत, अठराव्या वर्षी महाविद्यालयाच्या दारात आणि साठाव्या वर्षी निवृत्तीच्या वयात कोणत्या वर्षांच्या सुमारास पोहोचते, ते काढा. भारतातील काही जनगणनांच्या एकेरी वयाच्या आलेखातही 30, 35, 40 अशा वयांवर उंच सुळके आणि मध्ये खाचा दिसतात. प्रगणकाला “असतील पन्नास-पंचावन्न” असे उत्तर मिळते, तेव्हा काय नोंदले जाते, हे लक्षात घेऊन सांगा: जपानची खाच आणि भारतातील या खाचा यांत खरी कोणती, नोंदणीतली कोणती, आणि दहा वर्षांनंतरच्या जनगणनेत दोन्ही पाहिल्या तर त्या कशा ओळखाल?