विद्यार्थी मंडळाच्या सचिवपदासाठी प्रचाराचे भाषण

आदरणीय गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो,

बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षात शिकणारी, खानापूरहून रोज बसने येणारी मी, सचिवपदासाठी आपले मत मागायला उभी आहे. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे आम्हा मुलींचा राज्य परिवहनाच्या साध्या बसचा प्रवास मोफत झाला, ही मोठीच सोय आहे. परंतु सकाळच्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि पहिल्या तासाची हजेरी मात्र आमचीच बुडते. म्हणून निवडून आल्यास सह्यांचे निवेदन घेऊन मी पहिल्याच आठवड्यात आगारप्रमुखांकडे जादा बसची मागणी करीन. बस देणे माझ्या हातात नाही, पाठपुरावा करणे आहे.

दुसरी मागणी सूचनाफलकाची. शिष्यवृत्तीच्या मुदतीची सूचना कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही लागावी. यात कन्नडला विरोध नाही, कारण माझ्या कन्नडभाषक मैत्रिणींनीच या अर्जावर आधी सह्या केल्या आहेत. भाषांतराचे काम आम्ही विद्यार्थीच करू, त्यामुळे कार्यालयावर भार पडणार नाही.

विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा सुचवली होती. माझा खर्च हाताने लिहिलेल्या फलकांपुरताच आहे, आणि वडापावच्या पार्ट्या देणाऱ्यांनी आपला हिशेब जरूर मांडावा.

येत्या गुरुवारी सकाळी दहा ते एक या वेळेत, ओळखपत्र घेऊन, खोली क्रमांक १२ मध्ये या, मतपत्रिकेवरील तिसऱ्या नावापुढे शिक्का मारा आणि शेजारच्या बाकावरील मित्रालाही सोबत आणा.