चोवीस चुका

(लातूर. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक घराच्या ओसरीवर बसले आहेत. समोर औशाहून आलेला ओंकार. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा पुन्हा देणार आहे.)

ओंकार : सर, रिपीट करतो असं घरी सांगून बसलो. पण पुस्तक उघडलं की पोटात गोळा येतो. फिजिक्सला १८० पैकी ४४. परवा लग्नात तिघांनी मार्क विचारले, मी न जेवताच उठून आलो.

सर : पेपर आणि ओएमआरची प्रत आणलीस? दे इकडे. किती सोडवले होतेस?

ओंकार : ४५ पैकी ४१. १७ बरोबर, २४ चूक.

सर : या चोवीसपुढे एकेक खूण कर. निव्वळ तुक्का मारला तिथे 'तु'. येत होतं पण घाईत गेलं तिथे 'घा'. आणि कळलंच नव्हतं तिथे फुली. सावकाश कर, चहा येतोय.

(वीसएक मिनिटं जातात.)

ओंकार : तुक्के अकरा. घाईचे सहा. फुल्या सात.

सर : हा घाईतला बघू. कपॅसिटर. मोठ्याने वाच.

ओंकार : 'बॅटरी काढून घेतल्यावर प्लेट्समध्ये डायइलेक्ट्रिक भरले, तर ऊर्जा...' अरे! बॅटरी काढलीय. म्हणजे चार्ज तोच राहणार. कपॅसिटन्स K पट झाला, तर ऊर्जा K ने भागायची. मी गुणली होती.

सर : बॅटरी जोडलेली असती तर?

ओंकार : व्होल्टेज कायम, मग K पट. मी तेच धरून बसलो.

सर : मी एक शब्दही सांगितला नाही, ओंकार. हे सगळं तुझ्याकडे होतंच. आता हिशेब कर. घाईतल्या एका चुकीत किती जातात?

ओंकार : मिळायचे चार गेले, वर एक कापला. पाच. सहा चुकांचे तीस. आणि तुक्के मारले नसते तर अकरा वाचले असते. म्हणजे... ८५?

सर : एकही नवा धडा न शिकता. मन घट्ट कर, सकारात्मक राहा, असं मी तुला सांगणार नाही. ते ऐकून पोरं दोन दिवस फुलतात आणि पहिल्या टेस्टला पुन्हा खचतात. तुझा धीर या वहीतून यायला हवा.

ओंकार : पण हॉलमध्ये पुन्हा हात गार पडले तर? १८० मिनिटांत १८० प्रश्न, सर.

सर : पडतील. म्हणून दर रविवारी दुपारी दोन ते पाच, परीक्षेच्याच वेळेला पूर्ण पेपर. ओएमआर भरून, मोबाईल घरी ठेवून. मार्क मला सांगू नकोस, घरीही नको. 'घा' किती झाले तेवढं सांग.

ओंकार : आणि या सात फुल्या?

सर : त्या माझ्याकडे. आठवड्याला एक, मंगळवारी. पहिली कोणती घ्यायची?

ओंकार : (पान उलटत) रोटेशन, सर. त्याचीच जास्त भीती आहे.

सर : मग आत्ताच घेऊ. ती पाटी घे, आणि आधी आकृती काढ.