गृहीतकांची नोंदवही: पुढील वर्षाचा वित्तीय अंदाज

आवृत्ती ३. संचालक मंडळाच्या बैठकीसाठी तयार केलेल्या ३४ स्लाइडच्या डेकमधून आणि त्यामागच्या एक्सेल मॉडेलमधून गोळा केलेली. रकमा कोटीत. चालू वर्षाची उलाढाल ३६ धरली आहे.

अंदाज बदलणारे प्रत्येक गृहीतक इथे एकदाच नोंदले आहे. यापुढे स्लाइडवर आकडा लिहिताना त्याचा नोंद क्रमांक द्यायचा आणि आकडा बदलायचा झाला तर आधी इथे बदलायचा. तळटीप, आलेखाचे शीर्षक, वक्त्याच्या नोट्स आणि सूत्रात थेट टाकलेले आकडे, सगळे पाहिले. सर्वाधिक घोळ सूत्रांतच सापडला.

ग-१. उलाढालीची वाढ: १४ टक्के
कुठे: स्लाइड ६, ११, १९. जबाबदारी: विक्रीप्रमुख. स्थिती: वादात.

स्लाइड ६ वर नुसते "वाढ १४%" आहे. ती करारांच्या संख्येतली की रकमेतली, याचा उल्लेख नाही. मॉडेलने ती संख्येतली मानली आणि तिच्यावर ४ टक्के दरवाढ (ग-२) चढवली. १.१४ × १.०४ म्हणजे १८.६ टक्के, म्हणून स्लाइड ११ वर उलाढाल ४२.७ दिसते. विक्रीप्रमुखांशी बोलल्यावर कळले की त्यांच्या १४ टक्क्यांत दरवाढ आधीच धरलेली होती. तसे असेल तर उलाढाल ४१.० होते आणि करारांची संख्या जेमतेम ९.६ टक्क्यांनी वाढते. स्लाइड १९ वरची नोकरभरती मात्र १२ टक्के संख्यावाढीवर बेतलेली आहे.

म्हणजे एका वाढीचे तीन अर्थ आणि तिन्ही एकाच डेकमध्ये. माझे मत: ४१.० घ्यावे आणि भरती पुन्हा मोजावी. विक्रीप्रमुखांचे लेखी उत्तर येईपर्यंत स्लाइड ११ कोणालाही पाठवू नये.

ग-२. दरवाढ: ४ टक्के, नूतनीकरणाच्या वेळी
कुठे: स्लाइड ८. जबाबदारी: विक्रीप्रमुख. स्थिती: मान्य, पण अपुरी.

मॉडेल ही वाढ पहिल्या महिन्यापासून सगळ्या करारांना लावते. करार वर्षभर विखुरलेल्या तारखांना संपतात. नूतनीकरणे समान विखुरलेली धरली तर पहिल्या वर्षी साधारण निम्माच परिणाम दिसेल. ग-१ मिटल्यावरच दुरुस्त करावे, नाहीतर एकच आकडा दोनदा हलेल.

ग-३. ग्राहकांची गळती
कुठे: स्लाइड ९ (दरमहा १.५ टक्के), स्लाइड २२ (वर्षाला १५ टक्के). जबाबदारी: ग्राहकसेवा विभाग. स्थिती: विसंगत.

वरवर दोन्ही एकच वाटतात, पण दरमहा १.५ टक्के म्हणजे वर्षाला १६.६ टक्के. हजार ग्राहकांपैकी वर्षअखेर ८३४ उरतात, १५ टक्क्यांनी ८५०. तीन वर्षांनी ५८० विरुद्ध ६१४. नवे ग्राहक किती मिळवायचे, आणि म्हणून विपणनाचा खर्च, यावरच ठरतो. मासिक आकडा प्रत्यक्ष नोंदींवरून काढलेला आहे, तोच ठेवला. स्लाइड २२ बदलायची.

ग-४. येणी वसुलीचे दिवस: ४५
कुठे: स्लाइड १४. जबाबदारी: लेखा विभाग. स्थिती: पुराव्याशी जुळत नाही.

४५ दिवस ही करारातली मुदत आहे. मागच्या चार तिमाहींची प्रत्यक्ष सरासरी ५८ दिवस. ४१.० उलाढालीवर १३ दिवसांचा फरक म्हणजे सुमारे १.५ रोकड अडकते. डेकमधली सर्वात कमी महिन्याची शिल्लक १.२ आहे. तेव्हा हे गृहीतक चुकले तर स्लाइड १६ वरचे "नवे कर्ज लागणार नाही" हे वाक्य टिकत नाही. ५८ घ्यावे, वसुली सुधारण्याची योजना आली की ते खाली आणता येईल.

ग-५. पगारवाढ: ८ टक्के
कुठे: स्लाइड २५. जबाबदारी: मनुष्यबळ विभाग. स्थिती: सूत्र चुकीचे.

स्लाइड २५ वर ८ टक्के आहे, पण `Cost` शीटवर अजून हे आहे:

```
=D12*1.06
```

१८ च्या पगारखर्चावर २ टक्के, म्हणजे ०.३६ कमी धरले गेले. मागच्या वर्षीचा आकडा सूत्रात राहून गेला. इनपुट शीटला जोडावे.

ग-६. विनिमय दर
कुठे: एकाही स्लाइडवर नाही. जबाबदारी: कोणाचीच नव्हती, आता कोषागार विभागाची.

सॉफ्टवेअर परवान्यांचे शुल्क परकीय चलनात जाते. मॉडेल तयार झाले त्या दिवशीचा दर `Inputs!C14` मध्ये वर्षभरासाठी गोठवलेला आहे. दर ५ टक्क्यांनी वर गेला तर काय, ही ओळ स्लाइड २८ वरच्या संवेदनशीलता तक्त्यात घालावी.

ग-७ ते ग-९. कराचा दर, घसारा, कर्जावरील व्याज (स्लाइड २९, ३०). तपासले, मॉडेलशी जुळतात, मान्य.

ग-१, ग-३, ग-४ आणि ग-५ एकत्र दुरुस्त केल्यावरचा नफा अजून काढलेला नाही. ग-१ चे उत्तर आले की त्याच दिवशी मॉडेल चालवून आवृत्ती ४ पाठवतो.