शाळेच्या फाटकासमोर: हेल्मेट, सीट बेल्ट आणि रस्ता ओलांडण्याच्या सवयी
(समाजविज्ञान प्रकल्प, इयत्ता नववी, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

शाळा भरताना आणि सुटताना फाटकाच्या दोन्ही अंगांना आमचे गट उभे राहिले. वहीत उभ्या रेघा मारून मोजणी केली. कुणाच्या गाडीचा नंबर लिहिला नाही, कुणाला अडवलं नाही. ऊस हंगाम चालू असल्याने दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर याच रस्त्याने जात होते.

मोजलेल्या 214 दुचाकींपैकी 61 चालकांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. आणखी 38 जणांकडे हेल्मेट होतं, पण आरशाला अडकवलेलं, टाकीवर ठेवलेलं किंवा कोपरात घातलेलं. म्हणजे विकत घ्यायला पैसे नाहीत, हे कारण सगळ्यांना लागू पडत नाही. एका काकांना विचारलं, तर म्हणाले, "हितंच तर जायाचंय, हेल्मेट कशाला?" मागे बसलेल्या 118 मुलांपैकी फक्त 3 जणांनी हेल्मेट घातलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाला ते घालावं लागतं, मागे बसणाऱ्यालाही. डोक्यावर ठेवून पट्टा न लावलेल्यांना आम्ही 'घातलं' या रकान्यात धरलं नाही. त्यावर गटात बराच वाद झाला, पण पडल्यावर पट्ट्याविना हेल्मेट निसटतं, म्हणून तसंच ठेवलं.

मोटारी 47 आल्या. त्यांतल्या 9 गाड्यांच्या काचेवर ऊन चमकत असल्याने आत काही दिसलं नाही. उरलेल्या 38 पैकी 21 चालकांनी बेल्ट लावला होता. मागच्या सीटवरच्या एकाही मुलाला बेल्ट लावलेला दिसला नाही. टमटममध्ये बेल्टचा प्रश्नच नाही, तिथे मुलं चालकाच्या शेजारीही बसतात.

रस्ता ओलांडण्याचं निरीक्षण मात्र आमच्या अंदाजाबाहेर गेलं. सकाळी 172 पैकी 120 मुलं थांबून दोन्ही बाजूंना बघत होती. सुटल्यावर 190 पैकी 54 मुलांनीच तसं केलं. आधी वाटलं, घरी जायची घाई. पण फाटकाबाहेर उभं राहून पाहिलं तेव्हा कळलं की न्यायला आलेल्या पालकांच्या दुचाकी आणि टमटम फाटकाला लागूनच उभ्या असतात. बुटक्या मुलाला त्यांच्या आडून रस्ता दिसत नाही आणि ट्रॅक्टरवाल्याला ते मूल दिसत नाही. बघायचं म्हटलं तर आधी गाड्यांच्या पुढे, म्हणजे थेट रस्त्यावरच यावं लागतं. पांढरे पट्टे आहेत, पण पुसट, आणि नेमके त्यांच्यावरच टमटम थांबतात.

म्हणून शाळा सुधारणा समितीकडे आम्ही दोनच गोष्टी मागितल्या आहेत. फाटकाच्या दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा पावलं जागा दोरी लावून मोकळी ठेवावी आणि सुटताना खालच्या वर्गांना दहा मिनिटं आधी सोडावं. पट्टे रंगवण्याचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने पंचायतीकडे दिला आहे. दोरी लागली की त्याच वेळेला, त्याच तक्त्यावर पुन्हा मोजणी करू.