हाउसिंग बोअरचं काम: रात्रीची चॅट, सकाळचा मेल

सोमवार, 9 जून, रात्री

स्नेहल: ताई, जागी आहेस?

स्नेहल: आज रिव्ह्यूत क्वालिटीच्या नीलेशने बेअरिंग हाउसिंगचं अख्खं काम स्वतःच्या नावावर खपवलं. "आम्ही रूट कॉज काढलं, आम्ही चक प्रेशर कमी केलं." स्लाइडवर माझीच एक्सेल शीट, माझाच आलेख, फक्त खाली त्याचं नाव. कुलकर्णी सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी समोर बसून ठोंब्यासारखी बघत राहिले.

स्नेहल: याचं नेहमीचंच आहे. सगळ्यांना माहितीये. चोर आहे तो. मी आता प्लांटच्या ग्रुपवरच टाकते.

वैशाली ताई: ग्रुपवर काहीही टाकू नकोस. आत्ता ओटा आवरला, बोल. ते तीन कोपऱ्यांच्या बोअरचंच काम ना?

स्नेहल: तेच. 52 मिमीचा बोअर, टॉलरन्स एच7. कस्टमरकडे बेअरिंग आवाज करत होतं आणि आपल्याकडे सगळे पार्ट ओके. बोअर गेज दोन पॉइंटचा, तो तीन कोपऱ्यांचा बोअर कुठूनही मोजला तरी सारखाच दाखवणार. सीएमएम या मोजणीच्या मशिनचा प्रोग्रामही 4 पॉइंटचा. तीन लोब, म्हणजे तीन कोपरे असले की 4 पॉइंटला ते नुसतं सेंटर सरकल्यासारखं दिसतं, राउंडनेसची चूक शून्य. हे मी शोधलं. त्याला तर 36 पॉइंट कशाला हवेत तेही समजत नव्हतं.

वैशाली ताई: पण सीएमएमचा स्लॉट दिला कोणी?

स्नेहल: त्याने. आणि कस्टमरशी तोच बोलला, तक्रारीचा 8डी रिपोर्ट पण तोच भरतोय. पण म्हणून काय सगळं त्याचं?

वैशाली ताई: सगळं त्याचं नाही, तसं सगळं तुझंही नाही. जे त्याचं आहे ते मेलमध्ये आधी लिहून टाक. मग तुझं लिहिलेलं कुणाला खोडता येणार नाही. पार्ट चकमध्ये असताना डायल शून्य आणि सोडल्यावर फिरते, हे पहिल्यांदा कोणी पाहिलं?

स्नेहल: पवार मामांनी.

वैशाली ताई: त्यांचं नाव कुठंय मग?

स्नेहल: टाकते. हा माझा ड्राफ्ट बघ: "सर, आजच्या मीटिंगमध्ये माझी शीट चोरून दाखवण्यात आली. हे काम मी एकटीने केलं आहे आणि नीलेशचा याच्याशी काडीचा संबंध नाही. असं नेहमीच होतं. मला न्याय मिळावा."

वैशाली ताई: चारही वाक्यं गेली 😄

वैशाली ताई: "चोरून" काढ. त्याऐवजी लिही, शीट 23 मेला 4.40 ला मी पाठवली, तो मेल सोबत जोडलाय. तारीख बोलते, आपण कशाला बोलायचं. "एकटीने" काढ, खोटं आहे. "नेहमीच" काढ, नाहीतर सर विचारतील आधी कधी, आणि तू मागचं उकरत बसशील. "न्याय" सर कुठून देणार? काय हवंय ते नेमकं माग. 8डीच्या डी1 मध्ये, टीमच्या यादीत, नाव हवंय ना? मग तेच माग.

स्नेहल: हो. आणि स्लाइडवर फक्त "चक प्रेशर रिड्यूस्ड" लिहिलंय. पार्ट धरणारे चकचे जॉ पार्टच्या मापाला बोअर करायचे, हे कुठेच नाही. उद्या कुणी साध्या जॉवर 9 किलो ठेवलं तर पार्ट उडेल ताई.

वैशाली ताई: अगं मग हेच आधी सांगायचं होतंस! मेल यावरच लिही. डिटेल अर्धवट आहे, पूर्ण डिटेल माझ्याकडे आहे, हे घ्या. तुझं नाव त्यात आपोआप येतं, मागावं लागत नाही.

स्नेहल: नीलेशला सीसी ठेवू?

वैशाली ताई: ठेवच. बीसीसी कुणालाही नको. प्रॉडक्शनच्या शिंदे सरांना सीसी, सेटअप शीटवर त्यांची सही लागते म्हणून. बाकी कुणी नाही. आणि आत्ता पाठवू नकोस. रात्री साडेअकराचा मेल कितीही गोड लिहिला तरी रागातलाच वाटतो. सकाळी नीलेशला आधी तोंडी सांग, असा मेल पाठवतेय म्हणून. मग दहानंतर पाठव.

स्नेहल: त्याच्याशी बोलायचं माझ्या जिवावर आलंय.

वैशाली ताई: एक वाक्य. "सेटअपचं डिटेल सरांना पाठवतेय, तुझं सीएमएमचं कामही लिहिलंय." झालं. पुढे गप्पा मारत बसू नकोस.

—

मंगळवार, 10 जून, सकाळी 10.20

प्रति: कुलकर्णी सर
सीसी: शिंदे सर, नीलेश
विषय: बेअरिंग हाउसिंग 52 बोअर, तीन लोबची दुरुस्ती: कामाची नोंद, सेटअपचं पूर्ण डिटेल आणि 8डीमधील दोन दुरुस्त्या

आदरणीय सर,

कालच्या रिव्ह्यूमध्ये या पार्टचा विषय झाला. स्लाइडवर जागा कमी असल्यामुळे सेटअपचं बरंच डिटेल आलेलं नाही. ते नसताना फक्त चक प्रेशर कमी केलं तर पार्ट सुटण्याचा धोका आहे, म्हणून खाली सविस्तर लिहीत आहे. कोणतं काम कोणी केलं हेही त्यासोबत दिलं आहे, म्हणजे पुढे शंका आल्यास कोणाला विचारायचं ते स्पष्ट राहील.

कामाचा क्रम

19 मे रोजी कस्टमरची तक्रार आली. ती नीलेशने घेतली, आणि कस्टमरशी तेव्हापासूनचा पूर्ण संवाद त्यानेच सांभाळला आहे.

20 मे रोजी मशिन 6 चे ऑपरेटर श्री. पवार यांनी दाखवून दिलं, की पार्ट चकमध्ये असताना बोअरला लावलेली डायल स्थिर राहते, पण जॉ सोडून पार्ट पुन्हा हलक्या हाताने धरला की एका फेऱ्यात तीन वेळा वर-खाली होते. इथूनच कारणाची दिशा मिळाली.

22 मे रोजी मी सीएमएमचा बोअर प्रोग्राम 4 पॉइंटऐवजी 36 पॉइंटचा करण्याची विनंती केली. तीन लोबचा आकार 4 पॉइंटमध्ये सेंटर सरकल्यासारखा दिसतो, राउंडनेसमध्ये उमटत नाही. दोन पॉइंटच्या बोअर गेजचंही तेच; त्यावर सर्व पार्ट 52.008 ते 52.019 म्हणजे लिमिटमध्येच होते. नीलेशने त्याच दिवशी सीएमएमचा स्लॉट काढून दिला आणि मोजमाप करून घेतलं. राउंडनेस 22 ते 28 मायक्रॉन मिळाला. ड्रॉइंगवर 10 आहे.

23 मे रोजी मी कारणाचं विश्लेषण आणि आलेख असलेली शीट आपल्याला व नीलेशला पाठवली (मेल जोडला आहे, दुपारी 4.40). काल रिव्ह्यूत दाखवलेला आलेख या शीटमधला आहे.

26 मे ते 2 जून या काळात जॉचं डिझाइन, सेटअप आणि ट्रायल मी घेतल्या, मशिनवर श्री. पवार होते. शेवटच्या ट्रायलचे 30 पार्ट नीलेशच्या टीमने सीएमएमवर मोजले. राउंडनेस 6 ते 9 मायक्रॉन.

कारण

बोअरची भिंत 5 मिमी आहे. 22 किलो प्रेशरवर तीन जॉ ती तीन ठिकाणी आत दाबतात. त्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि जॉ सोडल्यावर भिंत परत जाते, तेव्हा बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. टूल, इन्सर्ट किंवा स्पिंडल यांचा यात दोष नाही. सुरुवातीला इन्सर्ट बदलून पाहिला होता, फरक पडला नाही.

सध्या चालू असलेला सेटअप

रफ बोअरिंग मशिन 4 वर, 22 किलो प्रेशरवर. फिनिशला व्यासात 0.3 मिमी सोडतो.

फिनिश बोअरिंग मशिन 6 वर, 9 किलोवर, पार्टला जवळजवळ पूर्ण वेढणाऱ्या सॉफ्ट जॉमध्ये. एकाच मशिनवर प्रत्येक पार्टला प्रेशर बदलायचा पर्याय मुद्दाम घेतला नाही, कारण घाईत नॉब फिरवायचा राहून जातो.

जॉ मशिनवरच 62 ला बोअर करायचे, म्हणजे आधीच्या ऑपरेशनला टर्न झालेल्या ओडीएवढे. बोअर करताना रिंग धरून प्रेशर 9 किलोच ठेवायचं. 22 वर बोअर केले तर 9 वर जॉची बसण वेगळी येते आणि पार्ट पुन्हा तीन ठिकाणीच टेकतो. जॉ एकदा काढले की परत लावताना हलका कट घेतल्याशिवाय वापरू नयेत.

फिनिशला स्पीड 1500 वरून 900 आरपीएम केला आहे. जास्त स्पीडला जॉ बाहेर ओढले जातात आणि पकड कमी होते. 9 किलोला ते परवडत नाही. फीड 0.08, एका पासमध्ये. साध्या हार्ड जॉवर 9 किलो प्रेशर कोणत्याही परिस्थितीत वापरू नये.

अजून बाकी असलेलं

मशिन 6 वर दुसऱ्या पार्टचा सेटअप लागला की प्रेशर वाढवलं जातं आणि परत कमी केल्याची नोंद होत नाही. सेटअप शीटमध्ये प्रेशरची ओळ आणि पहिल्या पार्टला 36 पॉइंटचा सीएमएम रिपोर्ट सक्तीचा करावा, असं मला वाटतं. शीटचा मसुदा जोडला आहे. शिंदे सर, आपण पाहून सही केल्यास आजच मशिनवर लावते.

72 बोअरचं हाउसिंगही याच पद्धतीने चकमध्ये धरलं जातं आणि त्याचा सीएमएम प्रोग्राम अजून 4 पॉइंटचा आहे. त्याची तक्रार आलेली नाही, पण मोजून घ्यायला हवं. नीलेश, या आठवड्यात 5 पार्टसाठी स्लॉट मिळाला तर पार्ट मी आणून देते.

8डीबद्दल विनंती

रिपोर्ट कस्टमरकडे शुक्रवारी जाणार आहे. त्याआधी दोन बदल व्हावेत. डी1 मध्ये टीम म्हणून सध्या फक्त क्वालिटीची नावं आहेत. त्यात विश्लेषण व सेटअपसाठी माझं आणि मशिन ट्रायलसाठी श्री. पवार यांचं नाव यावं. डी5 मध्ये फक्त "चक प्रेशर कमी केलं" असं आहे. तिथे वेढणारे सॉफ्ट जॉ, रफ-फिनिश वेगळं करणं आणि कमी स्पीड हे तिन्ही लिहावं. कस्टमर ऑडिटला आला तर मशिनवर दिसणारं आणि रिपोर्टमध्ये लिहिलेलं जुळलं पाहिजे. डी5 चा मजकूर मी तयार करून जोडला आहे, नीलेशला तो तसाच वापरता येईल.

यात काही चुकलं किंवा राहिलं असेल तर नीलेशने किंवा आपण जरूर दुरुस्त करावं. उद्या दुपारी 3 नंतर मी मशिन 6 वर आहे. सेटअप प्रत्यक्ष पाहायचा असल्यास तिथे दाखवते.

आपली,
स्नेहल
प्रोसेस इंजिनिअर, मशिन शॉप, अंबड

जोडलेलं: 23 मेचा मेल व शीट, 22 मे व 2 जूनचे सीएमएम रिपोर्ट, सेटअप शीटचा मसुदा, जॉचं ड्रॉइंग, डी5 चा मजकूर