फाटकाआधीचं अंतर

मागचं आतलं टायर बसलेलं निघालं आणि आमची गाडी डेपोतच वीस मिनिटं अडकली. थांब्यावर लागली तेव्हा जो तो घड्याळ दाखवत चढत होता. एक मुलगी मात्र काही न बोलता चढली, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली आणि मोबाइलमध्ये बघत राहिली. तिकीट द्यायला गेले तर डोळे भरलेले.

"ताई, परीक्षेचं गेट साडेनऊला बंद होतं. यात नऊ अडतीस दाखवतंय."

"सेंटर कुठलं?" तात्यांनी आरशातूनच विचारलं.

"स्टँडसमोरचं कॉलेज."

"नऊ पंचवीसला उतरशील. हॉल तिकीट बाहेर काढून ठेव, उतरताना शोधत बसू नको."

मी डबल बेल दिली.

आमच्या गाडीला स्पीड लॉक आहे. पाय कितीही दाबा, काटा ठरल्या जागेपुढे सरकत नाही. त्यामुळे तात्या आता गाडी पळवतील अशी आशा कोणाला असेल तर ती व्यर्थ होती, आणि लॉक नसतं तरी त्यांनी पळवली नसती. उभे प्रवासी असताना करकचून ब्रेक मारणारा ड्रायव्हर त्यांना ड्रायव्हर वाटतच नाही. मग वेळ काढायचा कुठून? तात्यांबरोबर ड्युटी लागेपर्यंत मलाही हे कोडंच होतं.

"पोरी, पूल संपायच्या आत उतरणारे दारात घे," ते म्हणाले. मी हाका मारल्या. पुलानंतरच्या थांब्यावर माणसं शेडमध्ये उभी राहत नाहीत, सकाळी तिथे ऊन येतं, ती पुढच्या झाडाखाली असतात. तात्यांनी दार बरोबर झाडासमोर आणलं. सहा उतरले, चार चढले, कोणाला पळावं लागलं नाही. एरवी याच थांब्यावर म्हातारी माणसं शेडपासून झाडापर्यंत नाहीतर झाडापासून शेडपर्यंत धावताना मी पाहिली आहेत.

मुलगी म्हणाली, "नऊ सदतीस झालं."

घाटाच्या पायथ्याशी एक भरलेला ट्रक पुढे लागला. मागून एक कार हॉर्न वाजवत आली, आमच्या पुढे घुसली आणि ट्रकच्या पाठीला चिकटून धूर खात बसली. तात्यांनी उलट पाय काढला आणि अंतर वाढू दिलं. मला वाटलं, यांना खरंच घाई नाही. पण तिसऱ्या वळणानंतर चढणाऱ्या गाड्यांसाठी जादा लेन सुरू होते. वळण यायच्या आधीच त्यांनी गिअर उतरवला होता, इंजिन तयारीत होतं. ट्रक डावीकडे सरकला तेव्हा आमच्या गाडीला वेग घ्यायला पुढे मोकळा रस्ता होता. कारवाला ट्रकच्या वेगापासून नव्याने सुरुवात करत होता, तेवढ्यात तोही डावीकडे राहिला. बस वर चढताना दम लागल्यासारखी जी गुरगुरते, ती त्या दिवशी गुरगुरली नाही.

उतारावरही तेच. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरलो. ब्रेकवर पाय जेमतेम. मी पक्कं लायसन्स काढलं आहे, चालक म्हणून ऑर्डरही आली आहे. या महिन्याअखेर तात्या निवृत्त झाले की ही गाडी माझ्याकडे येणार. म्हणून हल्ली तिकिटं संपली की मी रस्त्याकडे कमी आणि त्यांच्या पायांकडे जास्त बघते.

"नऊ पस्तीस," मुलगी म्हणाली. "पण पुढे सगळं लाल दिसतंय, काका. फाटकापाशी."

फाटक हीच खरी गोष्ट आहे. या वेळेला मालगाडी येते आणि रोज तिथे सगळ्यांचे मोबाइल उभे राहतात. अ‍ॅपला ते उभे राहिलेले मोबाइल माहीत आहेत, म्हणून त्याने बारा मिनिटं आधीच धरून ठेवली होती. ते खोटं बोलत नव्हतं. आमचीही रोज तेवढीच जात असत, तात्या सुट्टीवर असले की.

आम्ही पोचलो तेव्हा फाटक नुकतंच पडत होतं. चारचाकींत आमचीच गाडी पहिली. तात्यांनी ती फाटकापासून चांगल्या चाळीस पावलांवर थांबवली, उजवी चाकं मधल्या पट्ट्याला लावून.

"काका, पुढे जागा आहे!" मुलगी उभीच राहिली.

"ती जागा आपली नाही," तात्या म्हणाले. "बस खाली."

मागे हॉर्न सुरू झाले. बसच्या शेजारून घुसून समोरची लेन अडवायची, ही इथली पद्धत. पण आमच्या गाडीने वाट दिली नाही. दोन-चार मोटरसायकली सुटल्या, बाकीची सगळी रांग आमच्या पाठीमागे एकेरी राहिली. फाटकापलीकडे मात्र नेहमीप्रमाणे रस्ता भरून गाड्या उभ्या होत्या, दोन्ही लेनमध्ये, आमच्याकडे तोंड करून. रोज फाटक उघडलं की हे असे दोन ढीग रुळांवर समोरासमोर येतात आणि मग कोणी मागे घ्यायचं यावर वाद होतो. गाडी गेल्यावरही खोळंबा असतो तो याचा.

एक माणूस पायरीवर चढून ओरडला, "अहो ड्रायव्हर, झोपलात काय?"

"दोन मिनिटं थांबा, दादा," तात्या म्हणाले.

मालगाडी गेली. फाटक वर गेलं. तात्यांनी गाडी हलवली नाही. पलीकडच्या चुकीच्या लेनमधल्या गाड्या सुसाट आल्या, आणि त्यांना समोर ती चाळीस पावलांची मोकळी जागा मिळाली. रूळ ओलांडून त्या एकामागून एक आपापल्या बाजूला वळल्या. कोणी कोणाला अडलं नाही. रस्ता आपोआप दोन भागांत सुटला. मग तात्यांनी पहिला गिअर टाकला आणि आम्ही रूळ ओलांडले. मागची सगळी रांग आमच्यामागून धागा ओवल्यासारखी आली.

मुलीने मोबाइलकडे पाहिलं. "नऊ सत्तावीस!" ती म्हणाली, आणि तिचं हसू पाहून माझ्या बाजूच्या आजीही हसल्या, काय झालं ते माहीत नसताना.

स्टँडवर ९.२६ झाले होते. तात्यांनी पंचवीस सांगितलं होतं, त्यामुळे ते जरा नाराज दिसले. मुलगी उतरून धावली, रस्त्यापलीकडून मागे वळून हात केला आणि गेटमधून आत गेली.

परतीच्या फेरीला मी केबिनच्या दाराशी गेले, तर तात्या उतरून उभे. तिकिटाचं मशीन घ्यायला हात पुढे केलेला.

"आज तू घे. कागद आलाय ना तुझा? मी कंट्रोलरला विचारून आलोय."

मी सीट पुढे घेतली, आरसे लावले. हवेचा दाब भरेपर्यंत थांबले. त्यांनी डबल बेल दिली, कितीतरी वर्षांनी बेलची दोरी ओढत असल्यामुळे थोडी जोरातच.

फाटक पुन्हा बंद होतं. पुढे मोकळा रस्ता आणि मागे चढत जाणारे हॉर्न. मी उजवी चाकं पट्ट्याला लावली आणि थांबले. तात्या पुढे आले, काचेतून अंतर पाहिलं.

"आणखी एक गाडी बसेल एवढं मागे घ्यायला हवं होतं का?" मी विचारलं.

"परवा ट्रॅक्टर येतो समोरून, ट्रॉलीसकट. तेव्हा लागेल. आज एवढं पुरे." मागे कोणीतरी हॉर्नवरून हातच काढेना. "वाजवू दे त्याला," ते म्हणाले आणि उरलेली तिकिटं फाडायला मागे गेले.